दहा आयटीसीमागे एक हॉटेल: डीमर्जरमध्ये माझ्या शेअर्सचं नेमकं काय झालं

गेल्या आठवड्यात रिटर्न भरून ई-व्हेरिफाय केलं आणि आयटीसीच्या डीमर्जरचं, म्हणजे तिचा हॉटेलचा धंदा आयटीसी हॉटेल्स नावाची वेगळी कंपनी म्हणून बाहेर काढण्याचं प्रकरण माझ्यापुरतं एकदाचं संपलं. पहिली बातमी आली जुलै 2023 मध्ये आणि मी हे लिहितेय सप्टेंबर 2025 मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. या काळात मला स्वतःहून काही करायला लागलं असे दिवस मोजून सहा-सात असतील, बाकी सगळी वाट बघणं. पण त्या सहा-सात दिवसांत काय करायचं हे माहीत नसेल तर माणूस घाबरून भलतंच काहीतरी करून बसतो, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी माझ्याकडे काय होतं ते सांगते, कारण पुढची सगळी गणितं त्यावर आहेत. आयटीसीचे 345 शेअर्स. त्यातले 200 मी 2021 मध्ये 210 रुपयांनी घेतले होते आणि 145 सप्टेंबर 2023 मध्ये 440 ने. म्हणजे एकूण खर्च 42,000 अधिक 63,800, असे 1,05,800 रुपये. बाबांच्या वेगळ्या डीमॅटमध्ये त्यांचे 75 होते, ते नंतर येतील गोष्टीत.

24 जुलै 2023 ला कंपनीच्या बोर्डाने हॉटेलचा धंदा वेगळा काढायला तत्त्वतः मंजुरी दिली आणि त्याच दिवशी शेअर चांगलाच घसरला. मला तेव्हा कळेना की वर्षानुवर्षं लोक म्हणत होते हॉटेल वेगळं करा, हॉटेल वेगळं करा, आणि केलं तर भाव खाली का. 14 ऑगस्टला पूर्ण योजना आली तेव्हा कारण समजलं. हॉटेल कंपनीचे फक्त 60 टक्के शेअर्स थेट आपल्याला मिळणार होते, उरलेले 40 टक्के आयटीसी स्वतःकडेच ठेवणार होती. बऱ्याच जणांना शंभर टक्के वेगळं व्हायला हवं होतं. प्रमाण ठरलं दहाला एक, म्हणजे आयटीसीच्या दर 10 शेअर्समागे आयटीसी हॉटेल्सचा 1. पैसे काही भरायचे नाहीत, आयटीसीचे शेअर्सही कमी होत नाहीत, संख्या तीच राहते. मी सप्टेंबरमध्ये जे 145 घेतले ते ही बातमी माहीत असूनच घेतले होते.

मग जवळजवळ वर्षभर शांतता. 6 जून 2024 ला भागधारकांची मीटिंग झाली, त्याआधी ई-व्होटिंगची लिंक मेलवर आलेली. असले मेल मी एरवी न उघडता डिलीट करते पण यावेळी उघडला, सोबतची फाईल दोनशेच्या वर पानांची होती, त्यातली योजनेची सुरुवातीची पानं आणि प्रमाणाचा परिच्छेद एवढंच वाचलं आणि मत दिलं. 99.6 टक्के मतं बाजूने पडली. ती फाईल मात्र जपून ठेवा. अर्ध्या-पाव शेअरचं काय करणार, योजना कोणत्या तारखेपासून धरायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि वर्षभराने शोधायला जाल तर सापडत नाही.

एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, त्याच्या कोलकाता खंडपीठाने 4 ऑक्टोबर 2024 ला मंजुरी दिली. मला वाटलं झालं, आता महिन्याभरात शेअर्स येतील. तसं नसतं. ऑर्डरची प्रत मिळणं, ती कंपनी रजिस्ट्रारकडे दाखल करणं, या सगळ्यानंतर योजना लागू झाली 1 जानेवारी 2025 ला, आणि रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी भागधारकांच्या यादीत नाव असेल त्यालाच हॉटेलचे शेअर्स मिळणार तो दिवस, ठरली 6 जानेवारी, सोमवार.

रेकॉर्ड डेटबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या कारण माझा चुलतभाऊ इथेच फसता फसता वाचला. त्याला वाटत होतं सोमवारी सकाळी घेतले तरी चालतील. आता आपल्याकडे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवशी शेअर्स जमा होतात, त्यामुळे सोमवारी यादीत नाव हवं असेल तर खरेदी शुक्रवारी 3 जानेवारीलाच व्हायला हवी होती. सोमवारी घेतलेला शेअर हा हॉटेल वजा झालेला शेअर, तो स्वस्त दिसतो कारण त्यातून हॉटेल गेलेलं असतं.

आणि त्याच शुक्रवारी मी एक काम केलं ज्याने माझं खरंच नुकसान टळलं. मी आयटीसीवर 460 ला विक्रीची ट्रिगर ऑर्डर लावून ठेवली होती, भाव पडला तर आपोआप विकले जावेत म्हणून. शुक्रवारचा बंद भाव होता 481.60. माझी एक मैत्रीण सीएच्या ऑफिसात काम करते, तिचा दुपारी मेसेज आला, "तुझी ती ट्रिगर काढलीस का? सोमवारी भाव पडलेला दिसेल पण तो पडलेला नसेल गं." काही ब्रोकर अशा ऑर्डरी स्वतःच रद्द करतात, काही करत नाहीत. कोण काय करतं याच्या भरवशावर राहू नका, रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी तुमच्या सगळ्या लावून ठेवलेल्या ऑर्डरी बघून काढून टाका. माझी राहिली असती तर सगळे 345 शेअर्स सोमवारी सकाळी काहीच कारण नसताना विकले गेले असते.

6 जानेवारीची सकाळ. सकाळी 9 ते 10 आयटीसीसाठी खास सत्र होतं. नेहमी बाजार सव्वानऊला सुरू होतो पण त्या दिवशी या एका शेअरचं नेहमीचं ट्रेडिंग 10 ला सुरू झालं. या सत्रात खरेदीदार आणि विक्रेते हॉटेल सोडून उरलेल्या आयटीसीला काय भाव द्यायचा ते ठरवतात. एनएसईवर तो भाव निघाला 455.60. म्हणजे शुक्रवारच्या 481.60 मधून 455.60 वजा केले तर 26 रुपये. बाजाराने त्या सकाळी एका आयटीसी शेअरमधल्या हॉटेलच्या भागाला 26 रुपये किंमत दिली. आपल्याला 10 मागे 1 मिळणार, म्हणून हॉटेलच्या एका शेअरची अंदाजी किंमत झाली 260. बीएसईवर हाच फरक 27 आला म्हणून तिथे 270.

इथे एक बारकावा आहे जो मला स्वतःला दोन दिवसांनी लक्षात आला. हे 26 रुपये म्हणजे सगळ्या हॉटेल धंद्याची किंमत नाही. ती फक्त आपल्या हातात आलेल्या 60 टक्क्यांची. बाकीचे 40 टक्के अजून आयटीसीच्या पोटात आहेत, म्हणजे उरलेल्या 455.60 मध्येही थोडं हॉटेल आहेच. त्यामुळे डीमर्जरनंतर आयटीसी म्हणजे "हॉटेलमुक्त" झाली असं कुणी म्हणालं तर ते पूर्ण खरं नाही, हॉटेलचा शेअर वर-खाली झाला तर त्याची थोडी सावली आयटीसीवर पडतच राहणार.

दहा वाजून पाच मिनिटांनी बाबांचा फोन. "अगं, आयटीसी एकदम एवढा कसा काय पडला? माझे पैसे कमी दाखवतंय." मी माझं ॲप उघडलं तर तिथेही तेच. गंमत बघा, दिवसाचा बदल मात्र फारसा दिसत नव्हता कारण एक्सचेंजने आधीचा बंद भावच 455.60 असा बदलून घेतला होता, पण एकूण नफ्याच्या रकान्यातून सरळ 8,970 रुपये गायब. 345 गुणिले 26. माहीत असूनही पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. मी बाबांना म्हटलं, "बाबा, एक महिना थांबा, तुमचे पैसे कुठे गेले नाहीत, हॉटेलचा शेअर अजून बाजारात लिस्ट व्हायचाय. आज काही विकू नका." ते म्हणाले, "मग तोपर्यंत ते आहेत कुठे?" प्रश्न बरोबरच होता. तोपर्यंत ते फक्त हक्क म्हणून आहेत, यादीत तुमच्या नावापुढे लिहिलेले, आणि ॲपला ते दिसत नाहीत.

11 जानेवारीला शेअर्सचं वाटप झालं. त्यानंतर डिपॉझिटरीकडून, म्हणजे सगळ्यांच्या डीमॅट शेअर्सची मूळ नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, मेसेज आला आणि डीमॅटच्या स्टेटमेंटमध्ये हॉटेल्सचे 34 शेअर्स दिसायला लागले. ब्रोकरच्या ॲपमध्ये नाही हं, डिपॉझिटरीच्या स्टेटमेंटमध्ये. ते गोठवलेले होते, म्हणजे आहेत पण विकता येत नाहीत, लिस्टिंग होईपर्यंत. बाबांच्या खात्यात 7 आले. तुम्हाला खात्री करायची असेल तर ब्रोकरच्या ॲपवर डोकं आपटण्यापेक्षा एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं एकत्रित स्टेटमेंट बघा, खरी नोंद तिथे असते.

आता 345 भागिले 10 म्हणजे साडेचौतीस. 34 आले, अर्धा कुठे? आणि बाबांचे 75 म्हणजे साडेसात, त्यांचाही अर्धा राहिला. मी आधी विचार केला की दोघांचे अर्धे मिळून एक पूर्ण होईल का, तर नाही, प्रत्येक खातं वेगळं धरतात. सगळ्या भागधारकांचे असे तुकडे एकत्र करून एका ट्रस्टीच्या नावे पूर्ण शेअर्स काढले जातात, तो ट्रस्टी ते बाजारात विकतो आणि आलेले पैसे ज्याच्या त्याच्या वाट्याने बँकेत पाठवतो. सेबीच्या नियमाने ही विक्री वाटपापासून 90 दिवसांत व्हायला लागते. म्हणजे तुकड्याचे पैसे बुडत नाहीत, पण भाव तुम्ही ठरवत नाही आणि वेळही तुम्ही ठरवत नाही. त्यामुळे तुकडा पडू नये म्हणून आदल्या दिवशी घाईघाईने पाच शेअर्स जास्तीचे घेणं वगैरे करू नका, त्यात काही मिळत नाही.

29 जानेवारी, बुधवार, लिस्टिंग. एनएसईवर 180, बीएसईवर 188. सहा तारखेला निघालेल्या 260 च्या मानाने हे खूपच कमी. माझ्या साडेचौतीस शेअर्सची किंमत 8,970 धरली होती ती झाली 6,210. आणि हे खरं नुकसान होतं का? मला यावर बराच विचार करायला लागला. 260 हा आकडा कुणी हॉटेलचा शेअर विकत घेऊन ठरवलेला नव्हता. तो आयटीसीच्या एका तासाच्या सत्रातून वजाबाकी करून निघालेला होता. त्या तासात आयटीसीचे विकणारे थोडे जास्त निघाले असते तर 455.60 ऐवजी 450 झाला असता आणि हॉटेल कागदावर 316 चं झालं असतं, हॉटेलमध्ये काहीही न बदलता. म्हणजे दहापटीने गुणल्यामुळे आयटीसीतली छोटी हालचाल हॉटेलच्या अंदाजात मोठी होऊन दिसते. हे दहाला एक प्रमाणात विशेष होतं. त्याउलट रिलायन्समधून जिओ फायनान्शिअल वेगळी झाली तेव्हा प्रमाण एकाला एक होतं, 20 जुलै 2023 ला वजाबाकीतून निघालेली किंमत 261.85 आणि 21 ऑगस्टला एनएसईवर लिस्टिंग झालं 262 ला, जवळजवळ तेवढीच. तेव्हा वजाबाकीची किंमत म्हणजे लिस्टिंगची हमी असं समजू नका आणि लिस्टिंगला नेहमी पडतोच असंही समजू नका.

लिस्टिंगनंतर पहिले दहा दिवस हा शेअर ट्रेड टू ट्रेड गटात होता, म्हणजे घेतला की डिलिव्हरी घ्यायलाच लागते, सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, आणि दिवसात 5 टक्क्यांपलीकडे हलू शकत नाही. त्यात अजून एक दबाव होता जो सामान्य माणसाला दिसत नाही. आयटीसी सेन्सेक्समध्ये आहे म्हणून हॉटेल्सही तात्पुरती सेन्सेक्समध्ये ठेवली होती, म्हणजे काही दिवस सेन्सेक्समध्ये 30 ऐवजी 31 शेअर्स होते, आणि 5 फेब्रुवारीपासून हॉटेल्सला काढलं. जे इंडेक्स फंड सेन्सेक्सची नक्कल करतात त्यांना हा शेअर फुकट मिळाला पण ठेवता येत नव्हता, त्यांना विकायलाच लागणार. शिवाय ज्या लोकांनी आयटीसी डिव्हिडंडसाठी धरलेला असतो त्यांना हॉटेल नकोच असतं, तेही विकतात. हे विकणारे हॉटेलचा धंदा वाईट आहे म्हणून विकत नसतात. हे कळल्यावर मी ठरवलं की पहिल्या दोन आठवड्यांत यात हात घालायचा नाही.

यानंतर ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं ती म्हणजे खरेदी किंमत. लिस्टिंगनंतर माझ्या ब्रोकरच्या ॲपमध्ये हॉटेल्सचे 34 शेअर्स दिसले आणि सरासरी खरेदी किंमत शून्य. म्हणजे सगळा नफाच नफा. आणि आयटीसीची सरासरी तीच जुनी. हे दोन्ही चूक. शेअर फुकट मिळाला तरी त्याची खरेदी किंमत शून्य नसते, तुम्ही जे 1,05,800 घातले होते तेच आता दोन कंपन्यांत वाटले जातात. किती टक्के कुणाला हे कंपनी एका पत्रात जाहीर करते, वेबसाईटवर आणि एक्सचेंजवर असतं. आयटीसीसाठी होतं: आयटीसी 86.49 टक्के, आयटीसी हॉटेल्स 13.51 टक्के.

मी तो आकडा बघून चक्रावले. बाजाराने तर हॉटेलला 481.60 मधले 26 दिले होते, म्हणजे साधारण 5.4 टक्के. मग 13.51 कुठून आलं? मला वाटलं मी चुकीचं पत्र वाचतेय. मैत्रिणीच्या साहेबांकडे गेले, ते सीए. त्यांनी शांतपणे समजावलं, "मॅडम, आयकर कायदा बाजारभाव बघतच नाही. कलम 49 च्या 2सी आणि 2डी मध्ये लिहिलंय, हॉटेलकडे गेलेल्या मालमत्तेची पुस्तकी निव्वळ किंमत भागिले डीमर्जरच्या आधीची कंपनीची नेट वर्थ. तेवढा भाग हॉटेलचा, उरलेला मूळ कंपनीचा." मग डोक्यात प्रकाश पडला. हॉटेल म्हणजे जमीन, इमारती, हिशोबाच्या पुस्तकात भरपूर किंमत पण त्या मानाने नफा कमी. सिगरेटचा धंदा म्हणजे पुस्तकात मालमत्ता थोडी पण नफा प्रचंड. बाजार नफ्याला किंमत देतो, आयकर पुस्तकाला. म्हणून एकाच गोष्टीचे दोन वाटे, एक 5.4 चा आणि एक 13.51 चा. जिओ फायनान्शिअलच्या वेळी हे उलटं झालं होतं, तिथे बाजाराने रिलायन्सच्या 2,841.85 मधले 261.85 म्हणजे 9 टक्क्यांच्या वर दिले होते आणि खरेदी किमतीतला वाटा होता फक्त 4.68 टक्के.

आता माझं गणित बघा, वहीत केलं तसंच लिहिते. 210 ने घेतलेल्या शेअरचे 86.49 टक्के म्हणजे 181.63, ही माझी आयटीसीची नवीन खरेदी किंमत. 210 चे 13.51 टक्के 28.371, पण हॉटेलचा एक शेअर दहांमागे मिळाला म्हणून ते दहाने गुणायचं, 283.71. त्याचप्रमाणे 440 वाल्यांची आयटीसीची किंमत 380.56 आणि हॉटेलची 594.44. होय, पाचशे चौऱ्याण्णव. बाजारात 180 ला असलेला शेअर माझ्या नावावर 594 ला लागलेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी परत परत कॅल्क्युलेटरवर केलं. दहाने गुणायला लोक विसरतात हे मात्र खरं, आमच्या ऑफिसात एकाने 28 रुपये खरेदी किंमत धरून ठेवली होती.

ताळा करायची सोपी पद्धत अशी की दोन्ही मिळून जुना खर्च परत यायला पाहिजे. दहा आयटीसी गुणिले 181.63 झाले 1,816.30 आणि एक हॉटेल 283.71, बेरीज 2,100 रुपये एक पैसा, तो पैसा राउंडिंगचा. आला ताळा. नाही आला तर कुठेतरी चूक आहे.

तारीखही जुनीच धरायची. हॉटेलचा शेअर जानेवारी 2025 मध्ये हातात आला असला तरी धारण काळ मूळ आयटीसी घेतल्यापासून मोजतात. म्हणून माझे 2021 चे आणि 2023 चे दोन्ही लॉट पहिल्या दिवसापासून लाँग टर्म, म्हणजे वर्षाहून जास्त धरलेले. हे ॲपला बरेचदा कळत नाही, ते वाटपाची तारीख धरून शॉर्ट टर्म दाखवतं. आणि शेअर्स मिळाले त्या दिवशी काहीच कर लागत नाही, तो विकल्यावरच.

मी ब्रोकरला तिकीट टाकलं, उत्तर आलं चार दिवसांनी की कॉर्पोरेट ॲक्शनची किंमत अपडेट व्हायची आहे. मग परत विचारलं. आकडे दुरुस्त व्हायला महिना लागला आणि तरीही धारण काळ चुकीचा होता, तो मी शेवटी ॲपमध्ये हाताने भरला. माझा सल्ला असा की ॲपची वाट बघू नका, वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक लॉटची एक ओळ करा: मूळ तारीख, मूळ भाव, आयटीसीची नवीन किंमत, हॉटेलचे शेअर्स किती आणि हॉटेलची किंमत. पाच वर्षांनी विकाल तेव्हा ते पत्र शोधण्यापेक्षा हे बरं.

मार्चच्या शेवटी एका कोर्सची फी भरायला पैसे हवे होते म्हणून मी आयटीसीचे 100 विकले 410 ने आणि हॉटेल्सचे 20 विकले 195 ने. डीमॅटमध्ये जे आधी आले ते आधी गेले असं धरतात, म्हणून दोन्ही 2021 च्या लॉटमधून गेले. आयटीसीत नफा 41,000 वजा 18,162.90, म्हणजे 22,837.10. हॉटेल्समध्ये 3,900 आले आणि खरेदी किंमत 5,674.20, म्हणजे 1,774.20 चा तोटा. ॲपच्या शून्यावर विश्वास ठेवला असता तर हॉटेल्समध्ये 3,900 नफा दाखवला असता आणि आयटीसीत जुना 210 धरून 20,000. दोन्हीकडे चुकीचे आकडे रिटर्नमध्ये गेले असते. काही लोक फक्त हॉटेलचा तोटा घेतात आणि आयटीसीची किंमत 210 च ठेवतात, हे तर सरळ सरळ चूक आहे, तोच खर्च दोनदा वापरल्यासारखं. हॉटेलकडे गेलेला खर्च आयटीसीतून कमी झालाच पाहिजे.

रिटर्नला यावेळी मुदत वाढून 15 सप्टेंबर होती, मी पहिल्या आठवड्यात भरलं, आयटीआर-2. हॉटेल्सचा लाँग टर्म तोटा आयटीसीच्या लाँग टर्म नफ्यातून वजा झाला, उरले 21,062.90, अर्ध्या शेअरचा हिशोब यात धरलेला नाही. सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त आहे त्यामुळे कर शून्य, पण दाखवायचा तर लागतोच. तुमच्याकडे वजा करायला नफा नसेल तर तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीतच भरलेलं हवं. आयकर खात्याच्या साईटवर आपल्या व्यवहारांचं एआयएस नावाचं पत्रक असतं, त्यातले विक्रीचे आकडे जुळवून बघा आणि खरेदी किंमत मात्र आपल्या वहीतली घाला. सीएंनी सगळं तपासायचे दीड हजार घेतले, पुढच्या वेळी मला ते लागणार नाहीत असं वाटतं.

राहिला अर्ध्या शेअरचा प्रश्न. माझे पैसे काही आठवड्यांनी बँकेत आपोआप आले, शंभराच्या आतली रक्कम, मेसेज बघून आधी कळलंच नाही कशाचे ते. तीही विक्रीच असते, रिटर्नमध्ये दाखवली, आणि माझ्या सगळ्यात शेवटच्या लॉटमधला तुकडा म्हणून त्याची खरेदी किंमत 594.44 च्या अर्धी धरली. बाबांचे मात्र आले नाहीत. त्यांच्या डीमॅटला जोडलेलं बँक खातं त्यांनी तीन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. डिव्हिडंडसुद्धा तिथेच परत जात असणार हे तेव्हा कळलं, आणि तो आकडा अर्ध्या शेअरपेक्षा कितीतरी मोठा होता. आधी डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे डीमॅट खातं जिथे आहे तिथे, बँक बदलायचा फॉर्म, त्यासोबत नवीन खात्याचा रद्द केलेला चेक, मग बदललेली माहिती दाखवणारी क्लायंट मास्टरची प्रत घेऊन कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला ईमेल. दोन रिमाइंडर, एकूण दीड महिना. न मिळालेले डिव्हिडंडही त्याच पत्रव्यवहारात परत मिळाले.

बाबांनी त्यांचे 7 हॉटेल अजून ठेवलेत. मी माझे उरलेले 14 ठेवलेत, ते सगळे 594.44 वाल्या लॉटचे, वहीत तशी ओळ आहे. परवा बाबांनी फोन करून विचारलं, "आता हे सात माझे किती रुपयांचे धरायचे?" मी म्हटलं, बाजाराचा भाव ॲपमध्ये बघा, आयकराचा भाव मी तुमच्या वहीत लिहून दिलाय, शेवटच्या पानावर.